दुसऱ्यांचे प्रोफाइल आणि रेट बघून आपला रेट कसा बसवायचा: नाशिकच्या कॅड फ्रीलान्सरांचे नेहमीचे प्रश्न

अंबड-सातपूरमध्ये दोन-चार वर्षं डिझाइनला काम करून मग घरून फ्रीलान्सिंग सुरू करणारी बरीच मुलंमुली आहेत आपल्याकडे, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, रेट किती लावू. त्याचं सरळ उत्तर कोणी देत नाही कारण ते कामावर अवलंबून असतं, पण ते शोधायचं कसं हे मात्र सांगता येतं. इथे फक्त शीट मेटलच्या कॅड कामाबद्दल लिहिलंय, म्हणजे पीडीएफ किंवा हाताने काढलेल्या स्केचवरून सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल, फ्लॅट पॅटर्न, ड्रॉइंग वगैरे. तुमचं काम मोल्ड डिझाइनचं किंवा आर्किटेक्चरचं असेल तर पद्धत चालेल, आकडे नाही चालणार.

कॉम्पिटिटर म्हणजे नक्की कोण? सर्च केलं तर हजारो प्रोफाइल येतात.

हजारो नाही हो. "कॅड डिझायनर" असं सर्च करून जे दिसतात त्यातले बहुतेक तुमचे कॉम्पिटिटर नाहीतच, त्यात कोणी घराचे प्लॅन काढतो, कोणी दागिन्यांचं थ्रीडी करतो, कोणी रेंडरिंगवाला. तुमचा कॉम्पिटिटर तो, ज्याला तुमचा क्लायंट त्याच दिवशी त्याच कामासाठी मेसेज करेल. म्हणून आधी क्लायंट डोळ्यासमोर आणा. समजा तो परदेशातला एक छोटा फॅब्रिकेशनवाला आहे, त्याच्याकडे इलेक्ट्रिकल पॅनलच्या बॉक्सची जुनी पीडीएफ आहे आणि त्याला लेझर कटिंगला द्यायला डीएक्सएफ पाहिजेत. तो सर्चमध्ये काय टाइप करेल? `CAD designer` नाही करणार, तो `sheet metal flat pattern DXF` किंवा `sheet metal enclosure SolidWorks` असं काहीतरी करेल. तेच तुम्ही करा. आता यादी एकदम लहान होते, आणि त्यातूनही ज्यांच्या पोर्टफोलिओत एकही बेंड दिसत नाही, नुसतेच मशिन केलेले पार्ट आहेत, ते गाळा. बारा ते पंधरा लोक उरले की बास. त्याच्यापुढे कितीही बघितलं तरी नवीन काही कळत नाही, नुसतं टेन्शन वाढतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, सर्चमध्ये वर येणारे हे टिकलेले लोक असतात. ज्यांनी चुकीचा रेट लावून काम सोडून दिलं ते तुम्हाला दिसतच नाहीत. म्हणून पहिल्या पानावरच्या पाच जणांवर थांबू नका, तिसऱ्या-चौथ्या पानावरचे, अलीकडे सुरू केलेले पण काम मिळत असलेले असे तीन-चार जण मुद्दाम घ्या. तुमची परिस्थिती त्यांच्या जवळची आहे, दहा वर्षं जुन्या टॉप रेटेडवाल्याच्या नाही.

प्रोफाइलवर तासाचा रेट लिहिलेला असतो तो खरा धरायचा का?

तो मागितलेला रेट आहे, मिळालेला नाही. सगळी गंमत इथेच आहे आणि इथेच लोक फसतात. अपवर्कवर प्रोफाइलचा रेट कोणीही कधीही बदलू शकतं, आज 12 आहे, उद्या 30 करा, कोणी विचारत नाही. पण खाली जी वर्क हिस्टरी असते ना, संपलेल्या कामांची, तिथे त्या त्या कामाला प्रत्यक्षात काय ठरलं होतं ते दिसतं. तासाचं काम असेल तर कोणत्या रेटने किती तास, फिक्स्ड असेल तर एकूण किती डॉलर. म्हणजे वर 30 लिहिलेलं असतं आणि खाली गेल्या वर्षीची कामं 14 ने झालेली असतात. उलटंही असतं, वर 15 आणि अलीकडची दोन कामं 22 ने, म्हणजे त्याने प्रोफाइल अपडेटच केलेलं नाही.

वाचताना तारीख बघायची. तीन-चार वर्षांपूर्वीचा रेट आज काही कामाचा नाही, शेवटच्या साधारण एका वर्षातली कामं घ्या. दुसरं, फिक्स्ड रकमेवरून लगेच भागाकार करू नका, 60 डॉलरचं काम हे एका पार्टचं होतं का दहा पार्टचं हे बऱ्याचदा कामाच्या नावावरून आणि रिव्ह्यूच्या मजकुरावरूनच कळतं आणि कधीकधी कळतच नाही, मग ते सोडून द्यायचं. आणि काही जणांची कमाई दिसतच नाही, पैसे भरून घेतलेल्या प्लॅनमध्ये ती लपवायची सोय आहे, तर अशांच्या बाबतीत अंदाज बांधत बसू नका.

याहून भारी जागा म्हणजे जॉब पोस्ट. तुम्ही फ्रीलान्सर म्हणून लॉगिन असाल तर क्लायंटच्या पोस्टखाली त्याने आधी कोणाकोणाला काय दिलं ते दिसतं, सरासरी तासाला किती दिलं तेही बऱ्याच जणांचं दिसतं. कॉम्पिटिटरचं प्रोफाइल सांगतं तो काय मागतो, आणि हे सांगतं की पैसे देणाऱ्याने खिशातून काय काढलं. शीट मेटलच्या वीसेक जॉब पोस्ट उघडून एवढंच वाचलं तरी बाजाराचा अंदाज येतो. मी तर नवीन माणसाला सांगते की प्रोफाइल नंतर बघ, आधी हे बघ.

फायव्हरवर लोक 10 डॉलरमध्ये करून देतात, तिथे आपण कसे टिकणार?

10 डॉलरमध्ये काय करून देतात ते उघडून बघितलंय का? बाहेर जो आकडा दिसतो तो बेसिक पॅकेजचा, सगळ्यात लहान. त्यात बऱ्याचदा एक साधा पार्ट, फक्त मॉडेल, एक रिव्हिजन एवढंच असतं. ड्रॉइंग पाहिजे तर वरचं स्टँडर्ड पॅकेज, सोर्स फाइलचे वेगळे पैसे, लवकर पाहिजे तर वेगळे पैसे.

एक काम घेऊन सगळ्यांच्या पॅकेजवर तेच मोजायचं, तरच तुलना होते. आपलं उदाहरण घेऊ, पॅनलचा बॉक्स, आठ वेगवेगळे पार्ट, प्रत्येकाचं मॉडेल, डीएक्सएफ आणि ड्रॉइंग पाहिजे, शिवाय असेंब्ली ड्रॉइंग आणि बीओएम. (आकडे उदाहरणाचे आहेत, बाजारभाव म्हणून पाठ करू नका.) पहिल्या माणसाचा बाहेरचा आकडा पार्टला 10. आत गेल्यावर ड्रॉइंगचे पार्टमागे 5, डीएक्सएफचे 5. म्हणजे पार्टला 20 झाले, आठ पार्टचे 160, वर असेंब्ली आणि बीओएमचे 30, एकूण 190. दुसऱ्याचा बाहेरचा आकडा पार्टला 30, बघताना तिप्पट महाग वाटतो, पण त्यात मॉडेल, ड्रॉइंग, डीएक्सएफ, सोर्स फाइल आणि असेंब्ली सगळं आलं, एकूण 240. आता दोघांमध्ये फरक 50 डॉलरचा राहिला, तिप्पट वगैरे काही नाही. आणि 10 वाल्याच्या रिव्ह्यूखाली प्रत्यक्ष ऑर्डर कोणत्या रेंजमध्ये झाली ते हल्ली फायव्हर दाखवतं, किती दिवसांत दिली तेही. ती रेंज बघा, बेसिकच्या आकड्याच्या बऱ्याच वर असलेल्या ऑर्डरी सापडतात.

फायव्हरचं कमिशन 20 टक्के आहे हे विसरू नका, 190 मधले 152 त्याच्या हातात पडतात. विकत घेणाऱ्याकडूनही फायव्हर वर वेगळी फी घेतं, म्हणजे क्लायंटला 190 चं काम 190 ला पडतच नाही. आणि तुलना करताना करन्सी एकच ठेवा, साइट तुम्हाला रुपये दाखवत असेल आणि शीटमध्ये डॉलर लिहीत असाल तर घोळ होणारच.

मग एवढं बघून लिहून काय ठेवायचं?

एक साधी गुगल शीट. प्रोफाइलची लिंक, मागितलेला रेट, गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष मिळालेला रेट, आपल्या आठ पार्टच्या कामाचं त्याच्याकडे एकूण किती होतं, त्यात काय धरलंय काय नाही, आणि शेवटचा कॉलम लोक त्याच्याबद्दल काय तक्रार करतात. बास. पोर्टफोलिओला दहापैकी किती मार्क वगैरे कॉलम लोक करतात, ते नंतर कोणी वाचत नाही.

भरून झालं की मिळालेल्या रेटप्रमाणे सॉर्ट करा. मग बहुतेक वेळा दिसतं की लोक दोन-तीन घोळक्यांत बसतात. उदाहरणच पुढे चालवू, समजा एक घोळका तासाला 10 ते 13 डॉलरचा निघाला, ही नुसती पीडीएफवरून ट्रेस करून मॉडेल देणारी मंडळी. दुसरा 18 ते 24 चा, हे डीएक्सएफसकट "सरळ मशिनवर लावा" म्हणणारे. मधे 14 ते 17 ला एक-दोनच जण. आता सरासरी काढायचा मोह होतो, 16 वगैरे येते, पण त्या सरासरीला अर्थ नाही, ती दोन वेगळ्या कामांची भेसळ आहे. विचारायचा प्रश्न हा, की खालच्या घोळक्यातून वरच्यात जाताना माणूस नेमकं काय जास्त देतोय, आणि ते मला येतं का.

रिव्ह्यूंमध्ये काय वाचायचं? सगळेच पाच स्टार असतात.

पाच स्टारवाले सोडा, "ग्रेट वर्क, विल हायर अगेन" मधून काही कळत नाही. तीन-चार स्टारचे वाचा, आणि पाच स्टारमधले ज्यात "पण" आहे ते. शीट मेटलमध्ये एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत सारखी दिसते: मॉडेल छान होतं, पण बेंड केल्यावर माप आलं नाही, आम्हाला डीएक्सएफ परत करावी लागली.

हे का होतं ते शॉप फ्लोअरवर उभं राहिलेल्याला लगेच कळतं. पत्रा वाकवल्यावर बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, मधे कुठेतरी एक रेषा अशी असते जिची लांबी बदलत नाही. ती रेषा आतल्या बाजूपासून जाडीच्या किती हिश्श्यावर आहे तो के-फॅक्टर. सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी डिफॉल्ट व्हॅल्यू असते आणि बरेच जण तीच ठेवून फ्लॅट पॅटर्न काढतात. प्रत्यक्षात ती क्लायंटच्या प्रेस ब्रेकवर, डायची व्ही किती रुंद आहे त्यावर, पंचवर आणि मटेरियलवर ठरते. हिशोब करून बघा, 2 मिमी सीआरसीए पत्रा, आतली त्रिज्या 2 मिमी, 90 अंशाचा बेंड, BA म्हणजे त्या बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी:

```
BA = (π/2) × (R + K × T)

K = 0.44 :  1.5708 × (2 + 0.88) = 4.52 mm
K = 0.33 :  1.5708 × (2 + 0.66) = 4.18 mm
```

एका बेंडला फरक साधारण 0.35 मिमी. चार बेंड एका ओळीत असले की जवळजवळ 1.4 मिमी. दाराच्या बिजागरीची भोकं मग जुळत नाहीत, आणि लेझरवर कापलेला पत्रा भंगारात जातो. क्लायंटचं नुकसान डिझाइनच्या पैशांपेक्षा जास्त होतं, म्हणून तो चिडून रिव्ह्यू लिहितो.

आता या तक्रारीत तुमची जागा आहे. शीटमधल्या पंधरा जणांपैकी किती जणांनी प्रोफाइलमध्ये लिहिलंय की आम्ही तुमच्या शॉपचा बेंड टेबल मागून घेतो, नसेल तर एक टेस्ट पट्टी वाकवून मोजायला सांगतो आणि मग फ्लॅट पॅटर्न काढतो? फार कमी जण सापडतील. अंबडमध्ये एखाद्या पॅनलवाल्याकडे प्रेस ब्रेकशेजारी उभं राहून ज्याने काम केलंय त्याला हे रोजचं आहे, त्याला यात विशेष काही वाटत नाही म्हणून तो लिहीतच नाही. तेच लिहायचं, पहिल्या दोन ओळींत, कारण सर्चमध्ये प्रोफाइलच्या वरच्या दोन ओळीच दिसतात. "8 वर्षांचा अनुभव, 100 टक्के समाधान" हे पंधराच्या पंधरा जणांनी लिहिलेलं असतं.

ठीक आहे, पण माझा रेट किती?

दोन आकडे लागतात. खालची मर्यादा तुमच्या घरातून येते आणि वरची त्या शीटमधून. दोन्ही मिसळू नका, कॉम्पिटिटरचा खर्च तुम्हाला माहीत नाही, तो कुठल्या देशात राहतो, त्याचं घर भाड्याचं आहे की नाही, काही नाही.

खालची आधी. समजा महिन्याला एकूण 60,000 रुपये पाहिजेत, घरखर्च, सॉफ्टवेअरचं लायसन्स, लॅपटॉपचा हप्ता, नेट, सीए, कर सगळं धरून. लायसन्सचा खर्च इथे प्रामाणिकपणे धराच, स्टुडंट एडिशनवर केलेलं काम क्लायंटला पाठवलं तर फाइल उघडताना आणि प्रिंटवर ते दिसतं आणि तो व्यावसायिक वापर चालतही नाही. आता महिन्यात पैसे मिळणारे तास किती? लोक 160 धरतात. तसं होत नसतं, प्रपोजल लिहिणं, कोटेशन, फुकटच्या दुरुस्त्या, कॉल यात अर्धा वेळ जातो, 80 धरा. 60,000 भागिले 80, तासाला 750 रुपये. अपवर्कचं कमिशन आधी सरसकट 10 टक्के होतं, मे 2025 पासून नवीन कॉन्ट्रॅक्टला 0 ते 15 टक्क्यांच्या मधे काहीही असू शकतं आणि प्रपोजल टाकताना दिसतं. हिशोबाला 10 धरू, 750 भागिले 0.9 म्हणजे 833 रुपये. डॉलर हिशोबापुरता 85 चा धरला तर 9.80, म्हणजे 10 डॉलर. याच्या खाली काम घेतलं तर तुम्ही खिशातून पैसे घालताय.

वरची मर्यादा शीटमधून, तासाला 18 ते 24 वाला घोळका. त्यांच्याकडे रिव्ह्यू आहेत, तुमच्याकडे नाहीत, पण बेंड टेबलची गोष्ट तुम्ही देताय आणि ते बहुतेक देत नाहीत. म्हणून मधल्या मोकळ्या जागेत, 16 ला बसा. आता तेच आठ पार्टचं काम: मॉडेल 6 तास, फ्लॅट पॅटर्न आणि ड्रॉइंग 5, असेंब्ली आणि बीओएम 2, दुरुस्त्या 2, एकूण 15 तास. 15 गुणिले 16, 240 डॉलर. मघाच्या 30 वाल्याइतकेच झाले, आणि 10 वाल्यापेक्षा 50 जास्त. 50 डॉलरसाठी भंगाराची रिस्क घ्यायची का हे क्लायंटला ठरवू दे, तुम्ही फक्त ते त्याला दिसेल असं लिहा.

तासांचा अंदाज मात्र आधी स्वतः एक सॅम्पल बॉक्स घड्याळ लावून करून बघा. 15 च्या जागी 24 तास लागले तर तुमचा खरा रेट 10 झाला, म्हणजे अगदी तळाला, तेव्हा रेट नाही, हात बसवायची गरज आहे.

माझ्याकडे एकही रिव्ह्यू नाही. सुरुवातीला सगळ्यांपेक्षा कमी लावू का?

नको. कमी रेटवर जो क्लायंट येतो तो रेट वाढवला की जातो, आणि त्या कामाचा आकडा तुमच्या हिस्टरीत राहतो, जसा तुम्ही दुसऱ्यांचा वाचलात तसा पुढचा क्लायंट तुमचा वाचणार. रेट तोच ठेवा, काम लहान करा. उदाहरणार्थ एक पार्ट, चार बेंडपर्यंत, मॉडेल, डीएक्सएफ आणि ड्रॉइंग, 25 डॉलर फिक्स्ड, दीड तासाचं काम. क्लायंटला 25 ची रिस्क घ्यायला काही वाटत नाही, आणि तुमच्या हिस्टरीत 5 डॉलर तास असं काही लागत नाही. पार्ट बरोबर वाकला की बाकीचे सात तोच माणूस पाठवतो, शक्यतो.

पोर्टफोलिओत जुन्या कंपनीची ड्रॉइंग टाकू नका, नाव पुसून सुद्धा. स्वतः एखादा बॉक्स डिझाइन करा, ओळखीच्या जॉबवर्कवाल्याकडे एक नग वाकवून घ्या आणि मॉडेलशेजारी खऱ्या पत्र्याचा फोटो लावा, व्हर्नियर लावलेला. शीटमधल्या बहुतेकांकडे नुसते चकाचक रेंडर असतात.

अंबड, सातपूर, सिन्नरच्या कंपन्यांकडून काम घ्यायचं असेल तर हीच पद्धत चालते का?

अर्धीच. इथे रेट कुठे छापलेले नसतात. इंडियामार्टवर कोणी आकडा टाकलेला असला तरी तो चौकशी यावी म्हणून टाकलेला असतो, तिथे मिळालेला रेट दाखवणारी वर्क हिस्टरी नाही. इथे तुम्हाला कळतं ते कस्टमरच्या तोंडून, "तो पाथर्डी फाट्याचा मुलगा ड्रॉइंगची शीट दीडशेत देतो, तुम्ही अडीचशे कसे काय सांगता." वाद घालायचा नाही, विचारायचं, त्यात डीएक्सएफ येते का, दुरुस्ती किती वेळा, ट्रायलला तो शॉपवर येतो का. शॉपवर येऊन पहिला नग वाकताना बघणं हे परदेशातला कोणी देऊ शकत नाही आणि इथलेही बरेच देत नाहीत, तर स्थानिक कामात तुमची जागा ती.

दोन गोष्टी तुलना बिघडवतात. एक जीएसटी. सेवेसाठी वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की रजिस्ट्रेशन लागतं, मग समोरच्याच्या कोटेशनवर 18 टक्के दिसतात आणि तुमच्या नाही. पण कंपनी रजिस्टर्ड असेल तर तिला ते क्रेडिट मिळतं, म्हणून तुलना नेहमी जीएसटी सोडून करा. दुसरी उधारी. कॅश देणारा आणि 90 दिवसांनी देणारा यांचा रेट एकच कसा असेल? उद्यम रजिस्ट्रेशन करून ठेवा, फुकट होतं, आणि सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असं 2006 च्या एमएसएमई कायद्यात आहे. भांडायला नाही, पण कोटेशनच्या खाली एक ओळ लिहायला उपयोग होतो.

कस्टमर असल्याचं नाटक करून कॉम्पिटिटरला कोटेशन मागितलं तर?

करू नका ना. तो माणूस रात्री जागून तुमच्या खोट्या ड्रॉइंगचे तास मोजणार. शिवाय नाशिक लहान आहे, चार महिन्यांनी तोच सिन्नरच्या कुठल्यातरी शॉपमध्ये शेजारी उभा असतो. आणि खोट्या चौकशीला मिळालेला आकडा तसाही बेभरवशाचा असतो, अनोळखी माणसाला कोणीही आधी चढाच सांगतो.

सरळ विचारलं तर बरेच जण सांगतात. "दादा, मी हे काम सुरू करतोय, बॉक्सच्या कामाला तुम्ही पार्टवर घेता की तासावर?" एवढं विचारा, आकडा विचारू नका. पद्धत कळली की आकडा शीटवरून बसवता येतो.

दुसऱ्याचं डिस्क्रिप्शन थोडं बदलून वापरलं तर कोणाला कळणार?

क्लायंटला, कारण तो दोन्ही प्रोफाइल एकापाठोपाठ वाचतो. आणि तक्रार झाली तर प्रोफाइल बंद पडू शकतं. घ्यायची असेल तर रचना घ्या, म्हणजे त्याने काय धरलंय आणि काय धरलेलं नाही हे स्पष्ट कसं सांगितलंय ते.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्यांनी मिळून एक मिनिमम रेट ठरवला तर रेट पडणार नाहीत, बरोबर?

दर महिन्याला कोणीतरी हा मेसेज टाकतंच. दोन अडचणी आहेत. कॉम्पिटिटरांनी आपसांत ठरवून किंमत बांधणं हे स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 मध्ये बसतं, आणि ते लेखी ग्रुपवर टाकणं म्हणजे आपणच पुरावा देणं. आणि व्यवहारात ते टिकतही नाही, ग्रुपमध्ये नाशिकचे लोक, क्लायंटला मात्र सगळ्या जगातले प्रोफाइल दिसतात. दुसऱ्याचे जाहीर रेट वाचून आपला आपण ठरवायला काहीच हरकत नाही, मिळून ठरवायचं नाही, एवढा फरक आहे.

रेट चुकलाय हे कसं कळतं, आणि शीट परत कधी भरायची?

अपवर्कच्या `My stats` मध्ये प्रपोजल किती गेली, किती उघडली गेली, किती जणांनी बोलणं केलं, किती कामं मिळाली ते दिसतं. कुठे गळती आहे त्यावरून निदान होतं. प्रपोजल उघडलीच जात नसतील तर पहिल्या दोन ओळी किंवा चुकीच्या पोस्टला अप्लाय करणं हे कारण शोधा, रेटला लगेच हात लावू नका. प्रत्येक प्रपोजलला कनेक्ट्स लागतात, चुकीच्या पोस्टला अप्लाय केलं की त्यांचे पैसेही जातात. उघडतात, बोलतात आणि आकडा ऐकून गायब होतात, तर बहुतेक वेळा कामात काय काय आलं हे नीट लिहिलेलं नसतं, ते लिहून बघा, तरी तेच होत असेल तर मग रेट. आणि सगळेच एका मिनिटात "ओके" म्हणत असतील तर खूश होऊ नका, पुढच्या नवीन क्लायंटला 16 चे 18 सांगा. चालू कॉन्ट्रॅक्टला मधेच वाढवायला जाऊ नका, नवीन कामाला वाढवा.

शीट तीन महिन्यांनी एकदा, तेच पंधरा जण. मागितलेला रेट सोडा, फक्त नवीन संपलेली कामं आणि तक्रारींचा कॉलम भरा. कोणी बेंड टेबलची ओळ स्वतःच्या प्रोफाइलमध्ये टाकायला लागलं असेल तर ते इथेच दिसतं, मग पावडर कोटिंगनंतरच्या जाडीचा क्लिअरन्स किंवा पेम नटच्या भोकांचं माप असं पुढचं काहीतरी तक्रारींमध्ये शोधायला लागायचं.